बुधवारचे बोंबील

खांदा कॉलनीत आमच्या बिल्डिंगला चुलीवर काय शिजतंय हे जिन्यातच कळतं. तरी रोहिणीच्या घरी काय शिजत होतं, ते फक्त रोहिणीलाच कळलं नाही. साऱ्या बिल्डिंगला ठाऊक होतं.

रोहिणी मूळची मोरा बंदरावरची कोळीण, इथे एका दवाखान्यात आया. सकाळी आठ ते रात्री आठ, रविवारी सुट्टी. नवरा हरेश कंटेनर यार्डात होता, ते काम सुटल्यावर सोफ्यावर सापडायचा. मग रोहिणीनेच धंदा काढला. मोऱ्याहून ताजी मासळी आणायची, साफ करायची, मसाला लावून द्यायची. गिऱ्हाइकाने फक्त तळायची. रविवारचाच धंदा, कारण पूर्वी, त्यांची मुलगी, दहावीत. शनिवारी कुणी मासे खात नाही, म्हणून त्या रात्री रोहिणी आल्यावर सगळ्यांनी मिळून आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण करायचं. त्याआधी, संध्याकाळी सहालाच ऑर्डर बंद. रविवारी पहाटे हरेशने बर्फातली पेटी आणायची, रोहिणीने कापायचं, पूर्वीने याद्या बघून डबे भरायचे, नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. पोरीच्या हाती कोयती नाही. साडेनऊला ती हात धुऊन पुस्तकाशी. फेब्रुवारी लागला की तिला या कामातून रजा.

हे सगळं हरेशने स्वतःच्या हाताने कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं होतं. अक्षर काय सुरेख! लग्नपत्रिकेला शोभेल असं.

चार महिने घर कसं गजबजलेलं. पूर्वीला हिशेबी डोकं, कुणाला बिनकाट्याची सुरमई, कुणाला कमी तिखट, सगळं तिच्या तोंडपाठ. रोहिणी दवाखान्यात मिरवायची, ‘‘आमची पोर धंदा बी शिकते नि अभ्यास बी करते.’’

आणि मग एका शनिवारी रात्री तिसऱ्या मजल्यावरची कृष्णाबाई कोथिंबिरीची जुडी द्यायला आली. कृष्णाबाईच्या पोटात पाणीसुद्धा टिकत नाही.

‘‘रोहिणी, परवा बुधवारचे बोंबील काय होते गं! आमचे हे तर बोटं चाटत बसले.’’

‘‘रविवारचे म्हनायचं हाय का तुमाला?’’

‘‘अगं, बुधवारचेच. काल शुक्रवारी पापलेट घेतलं. पूर्वीच आली की डबा घेऊन. गुणाची पोर!’’

रोहिणीच्या हातातली जुडी तशीच राहिली. बुधवार-शुक्रवार संध्याकाळी पाच ते सात पूर्वीचा विज्ञानाचा क्लास.

कृष्णाबाई गेली. वाटणाचं भांडं मध्ये, बाप-लेक दोन बाजूंना, दोघांच्याही माना खाली.

‘‘किती दिवस?’’

‘‘दीड महिना,’’ पूर्वी पुटपुटली.

‘‘अगं, लोक बुधवार-शुक्रवारी पण मासे खातात,’’ हरेश म्हणाला. ‘‘गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर मागायला लागले. एकट्याने डबे किती भरनार? नि नाय कसं म्हननार, सगळे हरेशशेठ, हरेशशेठ करतात.’’

‘‘क्लासवाल्यांनी कळवलं नाय?’’

हरेशने फोन पुढे सरकवला. क्लासमध्ये नंबर त्याचा दिलेला. गैरहजेरीचे सगळे मेसेज त्याच्या फोनवर, वाचलेले. पूर्वीने दप्तरातून काढलेल्या चाचणीच्या पेपरावर विज्ञानात चाळीसपैकी अकरा, खाली पालकाची सही. तेच लग्नपत्रिकेचं अक्षर.

‘‘शेठ,’’ रोहिणी म्हणाली, ‘‘सही लय छान केलीत तुमी.’’

मग ती पूर्वीकडे वळली. ‘‘त्यांचं सोड. तू रोज रात्री माझे पाय चेपायला बसायचीस. मी इचारायची, क्लासला काय शिकवलं. तू सांगायचीस. भिंग, आरसा, काय काय.’’

‘‘पुस्तकातून वाचून सांगायचे,’’ पूर्वी रडायला लागली. ‘‘पप्पा म्हणाले, आईला कळलं तर रविवारचं पण बंद करेल. मला आवडायचं गं आई. आणि पप्पा पुन्हा खूश राहायला लागले होते.’’

रोहिणीने तिला जवळ घेतलं नाही. चिडलीही नाही. चिडली असती तर बिल्डिंगला ऐकू आलं असतं, आणि आम्ही कान लावूनच होतो. तिने वाटण डब्यात भरलं. दुसऱ्या दिवशी आधी घेतलेल्या सगळ्या ऑर्डरी पोचवल्या, एकही चुकवली नाही. सोमवारी दवाखान्यातल्या मेट्रनसमोर उभी राहिली आणि रविवारच्या सुट्टीऐवजी बुधवारची मागून घेतली. शुक्रवारी चारला सुटायचं, त्या तासांचा पगार कापायचा. रविवारी तीच घरात नाही म्हटल्यावर धंदा कसला? हरेशचा फोन घेऊन ग्रुपवर दोन ओळी टाकल्या: दहावी होईपर्यंत ऑर्डर बंद.

‘‘अगं, आता कळलं ना मला,’’ हरेश म्हणाला. ‘‘रविवारचं तरी ठेव. पुन्हा नाय होनार.’’

‘‘आधी बी लिहून दिलं होतं तुमी,’’ ती म्हणाली आणि डब्यांची रास माळ्यावर चढवली.

आता बुधवारी, शुक्रवारी पाचच्या ठोक्याला मायलेकी क्लासला जातात. पूर्वी वर, रोहिणी खाली जिन्यात, पायरीवर पदर पसरून. मैत्रिणी बघतात म्हणून पूर्वीला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

‘‘आई, तू जा ना घरी. खरंच बसेन मी.’’

‘‘बसशील. ठाव हाय मला.’’

‘‘मग?’’

‘‘तरी बसते मी,’’ रोहिणी म्हणाली आणि वरून वर्गाचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत तिने मान खाली केली नाही.