पाणपोईवरची ओंजळ

आमच्या उमरेडच्या विणकर घराण्यात मी पहिला पदवीधर. त्याच वर्षी आई गेली आणि मन असे खचले की नागपुरातल्या शाळेतली नवी नोकरीही नकोशी झाली. जेवण जाईना. मारुतीपुढे उभा राहायचो, पण काय मागावे तेच सुचेना. देव ऐकतो का, अशीही शंका यायची.

उन्हाळ्याच्या सुटीत लकडगंजातल्या त्याच मारुतीच्या मंदिराच्या पुजारीबुवांनी हटकले, "काहून गा, भिंतीकडे पाहत बसून राहिला? सकाळी दोन घटका देवळापुढच्या पाणपोईवर ये. लोकायले पाणी दे."

गेलो. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या रांजणातून झारी भरायची आणि समोरच्याच्या ओंजळीत धार सोडायची. धार नीट पडायची तर त्याच्या तोंडाकडे पाहावेच लागते. लाकडाच्या गाड्या हाकणारे डोळे मिटून पीत, तोंड पुसून "बरं वाटलं गा" म्हणत. तेवढा वेळ माझे दुःख बाजूला राही. पहिल्याच दिवशी घरी जाताना कितीतरी दिवसांनी भूक लागली.

त्या गोडीने मी हावरा झालो. दुसऱ्यांच्या पाळ्याही मागून घेतल्या, दिवसभर उभा राहू लागलो. वर व्रत धरले, शेवटचा तहानलेला पिऊन गेल्याशिवाय आपण थेंबही घ्यायचा नाही. थोड्याच दिवसांत पाय भरून येऊ लागले, एका गाडीवानावर उगीच खेकसलो. पुन्हा जेवण जाईना. आता मला माणसे दिसत नव्हती, नुसत्या ओंजळी दिसत होत्या.

एका भर दुपारी डोळ्यांपुढे अंधारी आली. हुडकेश्वरहून भाजी विकायला आलेली एक म्हातारी समोर होती. तिने माझा हात धरून सावलीत बसवले.

"काहून गा मास्तर, साऱ्या जगाले पाजून राहिला अन् सोताचं तोंड कोरडं?"

"व्रत आहे, आजी. शेवटचा माणूस पिऊन जाईपर्यंत..."

"शेवटचा?" ती हसली. "बाजार उठते गा, रस्ता कधी उठते काय? धर ओंजळ!"

तिने माझ्याच झारीने पाणी घातले. आई गेल्यापासून रडू आले नव्हते, ते ओंजळीत आले. तोंड पुसेपर्यंत ती टोपले उचलून गर्दीत गेली होती. ती कोण होती, याचा मी कधी तपास केला नाही.

तापाने अंथरुणाला खिळलो तेव्हा एकच घोर होता, लोक तहानलेले परत जात असतील. उतार पडल्यावर धडपडत गेलो. रांजण काठोकाठ भरलेले, फडकी ओली, धार चालू. पुजारीबुवा म्हणाले, "आला का? तुही पाळी उद्या सकाळची. आज पाणी पी अन् घरी जा."

माझ्यावाचून काहीच अडले नव्हते. ते पाहून वाईट वाटायला हवे होते, पण खांद्यावरून कोणीतरी ओझे उतरवल्यासारखे झाले. तहान भागवणारा देव आहे. माझ्याकडे फक्त एका सकाळची धार. उदासी अजूनही अधूनमधून येते. तरी माझी पाळी मी चुकवत नाही, आणि दुसऱ्याची मागत नाही. ऊन चढले की झारी पुढच्या पाळीवाल्याच्या हाती देतो, मारुतीला हात जोडतो आणि घरी जाऊन पोटभर जेवतो.