करंगळी पडली त्याची गोष्ट

एका मंगळवारी सकाळी माझ्या उजव्या हाताची करंगळी पडली. तुटून नव्हे, नुसती लोंबली. चहाची कपबशी घ्यायला हात पुढे केला तर चार बोटं शहाण्यासारखी वर आणि करंगळी मुळापासून खाली वाकलेली. डाव्या हाताने वर केली, सोडली, की परत खाली. दुखत मात्र काहीच नव्हतं.

दुखत नव्हतं, इथेच मी फसले. संधिवाताने मला दहा-बारा वर्षं एकच गोष्ट शिकवली होती, दुखलं की ओरडायचं. जे दुखत नाही त्याला मी घरात विचारत नव्हते, नवऱ्यालासुद्धा.

आम्ही मोहाडी तालुक्यातले विणकर, कोशाच्या, म्हणजे रानरेशमाच्या साड्या विणणारे. माझी बोटं तोवर वाकडी झालेलीच होती. उजव्या हाताचं मधलं बोट मधल्या सांध्यात मागे वाकायचं आणि टोक पुढे झुकायचं. संधिवाताचे डॉक्टर त्याला हंसाची मान म्हणत. हंस आमच्याकडे कुठले? गावच्या तळ्यावर, बोडीवर, बगळेच, म्हणून मी त्याला बगळा म्हणायची. डाव्या अनामिकेचा थाट उलटा. मधला सांधा वाकून बसलेला, टोक वर. सांध्यावरची पट्टी झिजली, बाजूच्या पट्ट्या खाली घसरल्या आणि काजातून गुंडी निघावी तसं हाड मधून वर आलं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बगळ्याने मागे वाकू नये म्हणून त्यांनी कागदावर इंग्रजी आठासारखी दुहेरी अंगठी काढून दिली आणि मोहाडीच्या सोनाराने ती चांदीत घडवली. बाया विचारायच्या, कुठून आणली वं? मी सांगायची, फॅशन हाये.

तर करंगळी. ताण्याचा, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतला, एखादा धागा तुटला आणि थांबायला वेळ नसला की विणकर तो शेजारच्या धाग्याला अडकवतो आणि पुढे चालतो. मीही तेच केलं. कोशाच्या धाग्याने करंगळी अनामिकेला बांधली आणि मागावर बसले.

"हे काय बांधून राहिली?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही जी. शेजाऱ्याले धरून चालते ते."

तीन आठवड्यांनी धोटा फेकायची दोरी ओढताना मनगटात हलकंच टिक्क झालं आणि शेजारीही पडला. आता दोन बोटं लोंबत होती. नवऱ्याने माग थांबवला, चपला घातल्या आणि म्हणाला, "चाल."

भंडाऱ्याच्या दवाखान्यात महिन्यातून दोनदा नागपूरहून हाताचे डॉक्टर येत. त्यांनी माझी पडलेली बोटं वर धरली आणि सोडून म्हणाले, "आता धरून ठेवा." धरता आली नाहीत. मग माझं मनगट खाली वाकवलं. चांगल्या हाताची बोटं अशा वेळी आपोआप वर उठतात. माझी तीन उठली, दोन नाही.

"करंगळी कधी पडली?"

मी धागा दाखवला आणि सगळं सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

त्यांनी माझ्या मनगटावर करंगळीच्या बाजूचं उंच आलेलं हाड दाबलं. ते पियानोच्या पट्टीसारखं खालीवर होतं, असं ते म्हणाले. मी पियानो पाहिलेला नव्हता. मग त्यांनी समजावलं की संधिवाताने सांधा सैल होतो, हाडाचं टोक वर येतं आणि खरखरीत होतं. बोटं उचलणाऱ्या दोऱ्या बरोबर त्याच्यावरूनच जातात. सुजलेलं अस्तर त्यांना आधीच कमजोर करतं, आणि दर हालचालीला हाड थोडं थोडं घासतं. पहिली दोरी करंगळीची, दुसरी अनामिकेची.

"म्हणजे ताणा ज्यातून जाते त्या फणीचा दात बिघडला," मी म्हटलं. "एक धागा कापला, मग दुसरा. दात घासल्याबिगर कितीही जोडा, तिथेच तुटते."

डॉक्टरांनी विचारलं, "मग तिसरा कोणता कापेल?"

"मधला." मी म्हटलं. बगळा वाकडा होता, पण कामाचा होता.

शस्त्रक्रिया अशी ठरली. हाडाचं ते टोक काढायचं, सुजलेलं अस्तर साफ करायचं. तुटलेल्या दोऱ्यांची टोकं पार झिजलेली, ती एकमेकांना शिवता येत नाहीत. म्हणून अनामिकेची दोरी मधल्या बोटाच्या दोरीला बाजूने शिवायची. "तुम्ही बाहेरून जे केलं, तेच मी आतून करणार," ते म्हणाले. मी नवऱ्याकडे बघून मान ताठ केली.

"आणि करंगळीले?"

"तिला तर्जनीची एक दोरी देऊ."

मी हात मागे ओढला. तर्जनी! नवा ताणा मागावर चढवताना त्याचा एकेक धागा जुन्या ताण्याला पीळ देऊन जोडावा लागतो. बोटाला राख लावायची, अंगठा आणि तर्जनीत दोन टोकं धरायची, पिळायची. हजारावर धागे. आमच्या गल्लीत कुणाचाही ताणा चढायचा असला की मला बोलावणं यायचं. तेवढाच माझा मान. करंगळीवाचून बाई जगते, पण त्या बोटावाचून मी कोण?

"तर्जनीला उचलायला दोन दोऱ्या असतात," डॉक्टर म्हणाले. "एक घेतली तरी दुसरी काम करते."

"आपल्या भंडारा जिल्ह्याची वाटणी झाली, आता बोटाची," नवरा म्हणाला. मी हसले नाही. वाटणीत दोन्ही घरं कमी होतात, हे मला ठाऊक होतं.

"ती वाकडी बोटंही सरळ करून टाका ना सायेब," नवरा म्हणाला.

"सांधा कायमचा जखडून सरळ करता येतो. पण मग वाकणार नाही. तुमची डावी अनामिका काय करते?"

"फणीची चौकट धरते," मी म्हटलं. वाकून बसलेली, आकड्यासारखी.

"मग राहू दे तिला."

त्या एका वाक्याने मी कबूल झाले. जे चालतंय त्याला हा माणूस हात लावणार नव्हता.

चार आठवडे हात पट्टीत होता. नवऱ्याने भात रांधला, तो आम्ही दोघांनी निमूटपणे खाल्ला. पट्टी निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "करंगळी उचला." मी सगळा जोर लावला, ती हललीसुद्धा नाही. मला रडू कोसळलं. झालं, गेलं वाया. तर्जनीही दिली आणि हेही गेलं.

"बरं, रागावलात ना माझ्यावर? बोट दाखवा माझ्याकडे."

रागावले होतेच. तर्जनी त्यांच्या नाकावर रोखली, आणि तिच्यासोबत करंगळी टुणकन उभी राहिली! नव्या घरी गेली तरी दोरी अजून तर्जनीचाच हुकूम ऐकत होती. पुढे दोन महिने मी मिठाच्या डब्याकडे, शेजारणीकडे, बोडीकडे बोट दाखवत हिंडले, तेव्हा कुठे करंगळी आपल्या नावाने उठायला शिकली.

मग ताणा आला. मी कुणाला सांगितलं नाही. राख घेतली, मागाच्या मागे बसले, आणि आधी फणीच्या दातांवरून बोट फिरवलं. पहिला धागा पिळला. ओढला. टिकला. दुसरा. तर्जनी पूर्वीपेक्षा हळू होती, पण तिची पकड माझीच होती. नवरा समोर येऊन बसला आणि एकेक टोक पुढे करू लागला. दोन दिवस लागले, पूर्वी एक लागायचा. शेवटी आम्ही दोघांनी ताणा फणीतून पुढे ओढला. एकही धागा सुटला नाही.

"करंगळी काहून वर करून बसली?" नवरा म्हणाला. "धागा तर संपला."

मी पाहिलं, ती उभीच होती. खाली घ्यायला मला घाई नव्हती.