ओल्या पुस्तकांची गोष्ट

अकोल्याला आमच्या ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या संघटनेचा वार्षिक सोहळा होता. या वर्षीचा सेवा पुरस्कार अचलपूरच्या एका बाईंडरला मिळणार होता. अमरावती जिल्ह्यातल्या निम्म्या वाचनालयांची पुस्तकं त्यांच्याच हातून बांधून येत. मी अमरावतीच्या एका वाचनालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले होते, म्हणून परिचय करून द्यायचं काम माझ्याकडे आलं.

सचिवांनी त्यांची माहिती पाठवली. इतकी वर्षं सेवा, इतके सत्कार, इतकी शिबिरं. मी म्हटलं, "हे सगळं मानपत्रात येणारच आहे. मी एकच गोष्ट सांगते." त्यांनी चार मिनिटं दिली.

गोष्ट सांगण्याआधी चाचांना फोन केला. आम्ही सगळे त्या बाईंडरना चाचाच म्हणायचो.

"ते ओल्या पुस्तकाची? सांगा ना बाई. त्यात लपवासारखं काय हाय?"

त्यांची परवानगी घेतली. गोष्टीत आणखी एक माणूस होता, तो मात्र माझ्या डोक्यातच आला नाही.

सोहळ्याला एक बाहेरचे प्राचार्य अध्यक्ष म्हणून येणार होते. ते आले नाहीत. मी मंचावर जाऊन बसले तेव्हा त्यांच्या जागी मधल्या खुर्चीवर आमच्या वाचनालयाचे जुने कार्यवाह बसत होते. माझ्याकडे बघून ते ओळखीचं हसले, आणि मला गोष्टीतला तो दुसरा माणूस आठवला. सचिवांचे कागद घरी राहिलेले. फोन पर्समध्ये, पर्स खाली खुर्चीवर. माझ्याकडे ती एकच गोष्ट होती. तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं.

मी सुरुवात केली. एका पावसाळ्यात आमच्या कोठीत पाणी शिरलं. खालच्या फळ्यांवरची जुनी पुस्तकं भिजून लगदा होत आली. यादी झाली, 'दुरुस्त होण्याजोगी नाहीत' असा शेरा पडला, यादी वर खोचून गठ्ठे व्हरांड्यात ठेवले. त्या दिवशी चाचा मासिकांचे अंक न्यायला आले होते. ते गठ्ठ्यापाशी उकिडवे बसले. एक पुस्तक उचललं, पाठीवर बोट फिरवलं, वास घेतला. मग मान वर करून विचारलं...

इथे मी थांबले. पुढचं वाक्य होतं, "न पायता कोनं लिवलं हे?" गोष्टीचा सगळा जीव त्यातच. ते गाळलं तर उरतो फक्त एक कारागीर, ज्यानं पुस्तकं दुरुस्त केली. आणि ज्यांनी न पाहता शेरा लिहिला होता, ते माझ्या डाव्या हाताला अध्यक्षांच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी खांद्यावरची शाल सारखी केली. मागे जाता येईना, पुढे जाता येईना.

मी वाक्य म्हटलं. आणि लगेच म्हटलं, "मी गप्प राहिले. कारण त्या यादीवर माझी सही होती."

ते खरंच होतं. सह्या दोन होत्या, त्यातली एक मी सांगितली. मग चाचांनी ती पुस्तकं घरी नेली, सुकवली, नव्यानं शिवून परत आणली, हे घाईघाईत उरकलं आणि शेवटी त्यांचं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या. अध्यक्षांनी चाचांना शाल पांघरली. भाषणात ते वाचनसंस्कृतीवर बोलले. उतरताना माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाले, "आभारी आहे."

परतीच्या बसमध्ये चाचा माझ्या शेजारीच होते. त्यांना अमरावतीला मुलीकडे उतरायचं होतं. मूर्तिजापूरपर्यंत ते मांडीवरच्या शालीची घडी घालत, उलगडत राहिले. मी खिडकीशी, पलीकडे ते. उठून जायलाही जागा नव्हती.

शेवटी मीच विचारलं, "चाचा, वाईट वाटलं का?"

"वाईट नाही. पन बाई, तुमी माही गोष्ट सांगाले गेल्या, आन् सोताचीच सांगून आल्या."

सुटायला म्हणून मी माझा गुन्हा कबूल केला होता, आणि त्यांची चार मिनिटं त्यात गेली होती.

"काय सांगायला हवं होतं?"

"हेच का, पुस्तकं सुकली कशी ते. छापेल कागद घातला त त्याची शाई उतरते, म्हून कोरा कागद. पाना-पानात एक. सावलीत, पंख्याखाली. तो ओला झाला का काढाचा, दुसरा घालाचा. दिवसातून चार येळा. मी त दुकानात राहो. हे सारं माह्या घरवालीनं केलं. तिले मराठी वाचता येत नाही, पन एक पान फाटू देलं नाही तिनं."

इतक्या वर्षांत मी त्यांना हे विचारलंच नव्हतं.

"मग त्या आज का नाही आल्या?"

"पत्रिकेत एकच नाव व्हतं, बाई."

बस बडनेऱ्याला आली होती. मी त्यांना त्यांच्या बायकोचं नाव विचारलं.