बुटाच्या आतली शिवण

वर्ध्याच्या बसस्टँडबाहेरच्या फुटपाथवर मोठ्या कंपन्यांच्या नावांचे बूट पहिल्यांदा दिसले, तेव्हा आमच्या बुटांच्या दुकानात त्याच कंपन्यांचा माल ठेवायला लागून फार दिवस झाले नव्हते. नव्वदीची शेवटची वर्षं असावीत. माझ्या नवऱ्यानं तिथून एक जोड आणला आणि दुकानातला न खपलेला एक अस्सल बूट घेऊन दोन्ही करवतीनं उभे कापले. मला समोर बसवून म्हणाला, "वरून दोन्ही सारखेच दिसतात. आत बोट फिरव."

अस्सल बुटातली गादी उचलली की खाली कापडाचा तळ असायचा, कडेनं एकसारखी शिवण फिरलेली. फुटपाथच्या बुटात पुठ्ठा चिकटवलेला होता आणि वास नुसता डिंकाचा. तळव्यातला फोम अस्सलचा दाबला की परत वर यायचा, दुसऱ्याचा दगडासारखा. डिंकाचा एखादा ओघळ अस्सलवरही सापडतो, असं त्यानं बजावलं होतं. एका खुणेवरून कधी बोलू नये.

पुढे तो वारला. दुकान मी एकटीनं चालवू लागले. मुलगा बंगलोरला, त्याचा फोन रविवारी यायचा. सकाळी शटर उघडलं की संध्याकाळपर्यंत माझ्याशी कोणी बोललं तर ते मापाबद्दल. दुपारच्या उन्हात रस्ता ओस पडायचा. मग मी एखादा बूट हातात घेऊन उगाच शिवणीवरून बोट फिरवत बसायचे. नवऱ्याशी बोलल्यासारखं वाटायचं.

इंटरनेटवरून वस्तू मागवायला लोकांनी सुरुवात केल्यावर काहीजण माझ्याकडे नुसते विचारायला येऊ लागले. अशीच एका दुपारी हिंगणीकडची एक मुलगी आली. पोलीसभरतीसाठी धावायची. पिशवीतून बुटांचा डबा काढून तिनं काउंटरवर ठेवला. भावानं पुण्याहून पाठवले होते, एका साइटवरून घेऊन. आईवडील नव्हते, भाऊ एका कारखान्यात कामाला. ती मावशीकडे राहायची आणि पहाटे एकटीच धावायची.

"काकू, पाय लय दुखून राह्यले," ती म्हणाली. "मीच कमी पडून राह्यली का बूट खराब हायेत, खरं सांगजा."

बुटाची जीभ, म्हणजे नाडीखालची पट्टी, उलटून मी आतल्या लेबलावरचा नंबर पाहिला. डब्यावरचा वेगळाच होता. टाचेखाली वेगळं रबर लावल्यासारखं दिसत होतं, पण सगळा तळ एकाच साच्यात ओतलेला होता, वरून रंगवलेला. दोन बुटांवरची कंपनीची खूण एका उंचीवर नव्हती. शेवटी गादी उचलली. पुठ्ठा. घामानं फुगून त्याची घडी पडली होती, बरोबर चवड्याखाली.

"नकली हायेत, बेटा."

ती रडली नाही. पुठ्ठ्यावर अंगठा दाबून पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, दादा दिवाळीले येणार होता, सुट्टी नाई भेटली, म्हणून हे पाठवले.

दुकानातला फोन तिनं भावाला लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. तो आधी चिडला. मला माझा माल खपवायचा आहे, असं त्याला वाटलं, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. मी त्याला एकेक गोष्ट सांगत गेले. लेबलाचं सांगितलं, साच्याचं सांगितलं. शेवटी पुठ्ठ्याचं सांगितलं.

तेव्हा तो म्हणाला, "तिले म्हणा, ते घालून धावू नको."

शेजारच्या सायबर कॅफेवाल्याकडे कॅमेरा होता. आम्ही दोघींनी लेबलाचे, तळव्याचे आणि आतल्या पुठ्ठ्याचे फोटो काढून भावाला मेल केले. त्यानं साइटकडे तक्रार केली. आधी त्यांनी विकणाऱ्याकडे बोट दाखवलं, पण फोटो पाहिल्यावर बूट परत घेतले. भावाला परत मिळालेल्या पैशांत तिनं माझ्याकडून साधे देशी बूट नेले, नाव नसलेले, पण तळवा चांगला. तिच्या पायांचं दुखणं थांबलं.

त्यानंतर ती वर्ध्याला आली की दुकानात टेकायची. किती धावली, मावशी काय म्हणाली, सांगत बसायची. मी तिला गादी उचलून शिवण पाहायला शिकवलं. नवऱ्यानं मला शिकवलेलं मी कोणाला पहिल्यांदाच देत होते. पोरगी चटकन शिकली. एकदा गिऱ्हाइकानं आणलेला बूट तिनंच पाहिला, आणि दुसरी खूण सापडेपर्यंत तोंड उघडलं नाही.

तिची निवड झाली. ट्रेनिंगला निघायच्या आदल्या दिवशी पेढे घेऊन आली. मी म्हटलं, "येत जाजो."

"येईन नं काकू," ती म्हणाली.

सुरुवातीला तिचे दोन-तीन फोन आले. तिथं फोनसाठी रांग लागते म्हणाली. मग बदल्या, लग्न असं कुणाकुणाकडून कळत गेलं. मला राग नव्हता. मुलांचे रविवार कसे कमी होत जातात, हे मला ठाऊक होतं.

ती ट्रेनिंगला गेली त्याच आठवड्यात आर्वीचा एक माणूस नवे बूट दाखवायला आला. लेबल जुळत होतं, शिवण सरळ होती, फोम वर येत होता. अस्सल आहेत म्हटल्यावर तो खुश होऊन लगेच निघाला. मी त्याला चहाचं विचारणार होते.