ताईच्या तीन मजली केकातल्या चुका

ताईचा मेसेज आला तवा मी शिरूरच्या दुकानात बर्थडेच्या टोप्यांची तुटलेली रबरं बांधत बसलो होतो. केकचं दुकान. काऊंटरवर मी, केकवर नाव लिहायला मी, आन् गिऱ्हाईक पायरी उतरलं की त्याची नक्कल करायलाबी मीच. त्या शेवटच्या कामाचा पगार नव्हता, पण मन त्यातच जास्त लागायचं.

मेसेजमधी वहीच्या कागदाचा फोटो होता. स्केचपेननं रंगवलेला तीन मजली केक, बाजूला इंचात मापं. खाली लिहिलेलं, "बघ आन् काय चुकलंय ते सांग. हसू नको. आईशप्पथ हसू नको."

ताई दौंडला, रेल्वे कॉलनीत. दाजी रेल्वेत. ताईनं महिनाभराचा केकचा क्लास केला, छोटा ओव्हन घेतला आन् कॉलनीतल्या पोरांचे अर्ध्या किलोचे केक करायला लागली. छान करायची. पण तिला स्टेशनच्या बाजूला एक गाळा पाहिजे होता. दाजी म्हणायचे, "आधी एक मोठा केक करून दाखव, मग गाळ्याचं बघू." आन् तो मोठा केक आला होता. तळेगाव ढमढेरेचे एक आप्पा, मोठे बागायतदार, त्यांच्या नातवाचा पहिला वाढदिवस. आप्पांची सून ताईची शाळेतली मैत्रीण, तिनं आप्पांच्या कानावर ताईचं नाव घातलं. आप्पा म्हणले, "करू दे की. पण आधी कागदावर दाखवा. रविवारी या."

त्यांनी नमुना म्हणून बारशाचा फ्लेक्स दाखवला होता. "असंच झालं पाहिजे. माणसं सगळी आली पाहिजेत."

आन् ताईनं तसंच केलं. आमच्याकडं कुठलीबी गोष्ट मोठी करायची म्हणजे तिचा फ्लेक्स करायचा, हे आमच्या डोक्यात बसलंय. जांभळा तळमजला, त्यावर लाल अक्षरं. मधला हिरवा, त्यावर सोनेरी. वरचा भगवा. मधल्या मजल्याला गोल फिरून सगळ्या शुभेच्छुकांची नावं. सरपंच, उपसरपंच, सोसायटीचे चेअरमन, दोन्ही मामा, मित्रमंडळ. आन् शेंड्यावर ट्रॅक्टर. हा एवढा!

मला हसू आलं. मास्टर आत क्रीम फेटत होते. आमचे मास्टर बिहारचे, वीस वर्षं केकच करत आलेले. मी फोटो दिसंल असा मोबाईल टेबलावर उभा केला आन् सुरू झालो.

आधी तळमजला झालो. कंबरेवर हात, खोकत, म्हाताऱ्याच्या आवाजात. "आरं लेकानू, मी धा इंची, माझ्या डोक्यावर नऊ इंची, त्याच्या डोक्यावर आठ इंची! आरं ह्यो केक हाय का बोरवेलचा पाईप? बसायला अर्ध्या इंचाचा कट्टा. तिथं क्रीमची किनार काढायची का मुंग्यांना फिरायला रस्ता ठेवायचा?"

मास्टर हसले. मग काय. जांभळा आन् हिरवा म्हंजी एकाच वॉर्डातले दोन उमेदवार, दोघंबी म्हणत्यात मलाच बघा. जांभळ्यावरचं लाल म्हंजी अंधारात काळी म्हैस. हिरव्यावरचं सोनेरी लांबून शेवाळासारखं दिसणार. मग मी लग्नातला माईकवाला झालो. "आलेल्या पाहुण्यांचं स्वागत! मा. सरपंच साहेब…" असं म्हणत टेबलाभोवती फिरायला लागलो, कारण नावं गोल हायत, समोरून तिसरा हिस्साच दिसणार. "मा. चेअरमन साहेब कुठायत? मागं हायत! भिंतीकडं! आवो, या की पुढं!" दोन फेऱ्यांत मला चक्कर आली. मास्टर डोळे पुसत होते.

शेवटी ट्रॅक्टर. "ड्रायव्हर, उतर खाली. साधा मऊ स्पंज हाय, वरून व्हिप क्रीम, आन् दौंडवरून तळेगावला उन्हात टेम्पो. तुझा अख्खा फॉन्डंटचा, साखरेच्या घट्ट गोळ्याचा ट्रॅक्टर न्हावऱ्यापर्यंत तळमजल्यात रुतलेला असंल."

"मज़ाक छोड़," मास्टर म्हणाले, "बात सब सही है।"

आन् मागून मालक म्हणाले, "परत सांग. सावकाश."

ते कवा आले कळलंच न्हाई. मला वाटलं आता शिव्या. पण त्यांनी केकचा एक खोका उलटा केला, पांढरी बाजू वर, आन् पेन दिलं. "काढ. तुझ्या मतानं कसा पाहिजे?"

दोन वर्षांत मालकांनी मला पहिल्यांदा असं विचारलं होतं. माझी छाती एवढी फुगली की शर्टाचं बटण जाईल. मी काढला. बारा, नऊ, सहा. प्रत्येक मजल्याला दीड इंचाचा कट्टा सुटतो, किनार नीट बसती. तळमजला थर्माकोलचा, वरून फॉन्डंट, म्हंजी भार घेतोय आन् दिसतोयबी. पाहुण्यांना खायला आत वेगळा सपाट केक कापायचा. मधल्या मजल्यात, वरच्या मजल्याच्या पुठ्ठ्याखाली भार घ्यायला चार कांड्या, बरोबर मजल्याच्या उंचीच्या. कमी पडल्या तर वरचा खचतो, जास्त झाल्या तर डुगडुगतो. ट्रॅक्टरबी आतून थर्माकोलचा, चार इंचाच्या वर न्हाई. रंग मोजून तीन: मलईचा पांढरा, उसाच्या पानाचा हिरवा, झेंडूचा पिवळा. आन् अक्षरं गडद चॉकलेटी, पांढऱ्यावर, फक्त समोर. बाळाचं नाव आन् 'पहिला वाढदिवस'. बास.

"आन् शुभेच्छुक?" मालकांनी विचारलं.

"टेबलाच्या खाली पुढच्या बाजूला फळी लावायची. नावं तिथं. सगळ्यांना दिसत्यात, केकबी मोकळा."

मालकांनी खोका उचलून उजेडात धरला. "कुणाचा हाय हा?"

आन् मी सांगितलं. कुणाचा नातू, कुठलं गाव, रविवारी कागद दाखवायचाय, सगळं. न विचारलेलंबी सांगितलं. माझ्या ताईची ऑर्डर किती मोठी हाय हे त्यांना कळावं म्हणून.

"आप्पा व्हय," मालक म्हणाले. "वळखीचे हायत." आन् खोका घेऊन गेले.

मला खरंच वाटलं, ताईसाठी चार शब्द टाकतील.

ताईला मी काय पाठवलं? ते माईकवाल्याचं. मास्टरांच्या हसण्यासकट परत एकदा रेकॉर्ड करून. "मा. चेअरमन साहेब भिंतीकडं!" तिनं उलट लिहिलं, "झालं हसून? आता खरं सांग ना." मी लिहिलं, "सांगतो उद्या." उद्या दुकानात गर्दी होती. परवा मित्राच्या बहिणीची हळद होती, तिथं नवरदेवाच्या मामाची नक्कल करायची होती. शनिवारी तिचा परत मेसेज, "काहीतरी सांग." मी अंगठा पाठवला.

रविवारी ताई तो तसलाच कागद घेऊन तळेगावला गेली. त्याच्यावर तिनं प्लॅस्टिक चढवलं होतं, घडी पडू नये म्हणून.

हे मला नंतर तिच्या मैत्रिणीकडून, आप्पांच्या सुनेकडून, फोनवर कळलं. आप्पांच्या ओसरीवर टेबल, टेबलावर पांढऱ्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा. मालक शनिवारीच देऊन गेले होते. ताईनं आपला कागद त्याच्या शेजारी ठेवला आन् मग पुठ्ठ्याकडं बघितलं. माझं 'ह' ती वळखती. लहानपणी पाटीवर तिनंच गिरवून घेतलेलं.

आप्पा काय वाईट माणूस न्हाई. प्रेमानंच म्हणले, "पोरी, बस. च्या घे. हे बघ, ह्या शिरूरवाल्यांनी कसं बारीक बघितलंय. तुझी नावं गोल फिरत्यात, म्हंजी आमच्या चेअरमनला भिंतीकडं तोंड करून उभं केल्यासारखं व्हतंय का न्हाई?"

म्हंजी मालकांनी माझी नक्कलबी विकली.

मैत्रीण म्हणाली, ताई चहा पूर्ण प्याली, "बरोबर हाय आप्पा" म्हणाली, आन् कागद पिशवीत घालून निघाली.

सोमवारी मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आपल्याकडं आली ऑर्डर. डोकं हाय तुला." मी म्हणालो, "पण ती ताईची…" तर म्हणले, "तिला झेपला असता का? तूच म्हणलास, न्हावऱ्याला रुतंल."

मीच म्हणलो होतो.

तवा काम सोडायला पाहिजे होतं. सोडलं न्हाई. केक केला. मास्टर आन् मी, मजले सुटे सुटे नेले, आप्पांच्या मांडवात पंख्याचं तोंड दुसरीकडं फिरवून तिथंच चढवले. अक्षरं मी काढली. टूथपिकनं रेघ मारली, मधलं अक्षर आधी, मग दोन्हीकडं सरकत, शिरोरेघ सगळ्यात शेवटी, एका दमात. हात जराबी हलला न्हाई. शेवटच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं चष्मा न लावता मोठ्यानं वाचलं. टाळ्या पडल्या. चेअरमन फळीवर आपलं नाव बोटानं शोधत होते, पोरगं ट्रॅक्टरकडं झेपावत होतं. सुनेनं माझ्याकडं एकदाबी बघितलं न्हाई.

पुढच्या आठवड्यात मी एसटीनं दौंडला गेलो. बसमधी सगळं ठरवलं होतं. मालकांच्या आवाजात सुरुवात करायची, ती हसंल, मग माफी मागायची.

ताई ओट्याशी उभी होती. मी दारातनंच मालकांसारखी मान वाकडी केली. "डोकं हाय तुला…"

"नको," ती म्हणाली. मोठ्यानं न्हाई. "बस. पोहे खाणार का?"

मी बसलो. ओव्हनवर कापड टाकलेलं, वर चपात्यांचा डबा. दाजी कामावर होते. गाळ्याचं विचारायची हिंमत झाली न्हाई. तिनंच सांगितलं, "तो गाळा गेला. मोबाईल रिपेअरवाल्यानं घेतला."

"ताई, मला वाटलं मालक तुझ्यासाठी बोलतील."

"हं."

"मी सांगणारच होतो तुला सगळं."

"मी तीनदा विचारलं," ती म्हणाली. पोहे ताटलीत काढले, वर कोथिंबीर टाकली, नेहमीसारखी. मग माझ्यासमोर बसून म्हणाली, "कांड्या कशाच्या होत्या?"

मला आधी कळलंच न्हाई.

"मधल्या मजल्यातल्या. लाकडाच्या का प्लॅस्टिकच्या?"

"प्लॅस्टिकच्या. जाड स्ट्रॉसारख्या असत्यात."

"कापायच्या कशा, बरोबर उंचीला?"

"एक आत घालायची, क्रीमपाशी खूण करायची, बाहेर काढायची. बाकीच्या त्याच मापाच्या."

"आन् चॉकलेटी रंग? पांढऱ्यात उतरला न्हाई?"

"चॉकलेटच वितळवून लिहिलं. रंग न्हाई घातला."

ती एकेक विचारत गेली, मी सांगत गेलो. साध्या आवाजात, एकबी नक्कल न करता. अर्धा तास लागला. एवढंच लागलं असतं त्या दिवशीबी.

सगळं झाल्यावर मी म्हणालो, "लिहून घेतेस का? का मी पाठवू व्यवस्थित?"

"कशाला?" ताई म्हणाली. "मला फक्त बघायचं होतं, तवा सांगितलं असतंस तर मला समजलं असतं का." आन् माझी ताटली उचलून मोरीत ठेवली. पोहे अजून निम्मे होते.