नव्या मथळ्याखालच्या जुन्या वेळा

डायलिसिस केंद्राच्या डॉक्टर मॅडमचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत शेंगा फोडत बसलो होतो. केंद्राची वेबसाइट नव्यानं करायची होती. "तुम्ही आता काम घेत नाही म्हणता, मग कुणाला द्यावं ते तरी सांगा," त्या म्हणाल्या. मी लगेच एका मुलीचं नाव घेतलं. पूर्वी माझ्याकडे कामाला होती, आता गावाबाहेरच्या कुंभारीत घरूनच साइट करते.

"ती? वेळा चुकवणारी? नको हो. पेशंटच्या जिवाशी खेळ आहे तो."

"बरं," असं म्हणून मी फोन ठेवला. शेंगा तशाच राहिल्या. त्या मुलीनं वेळा चुकवल्या नव्हत्या. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर मी सोलापुरात वेबसाइट करायचं छोटं ऑफिस काढलं. टॉवेलचे कारखानदार, दोन शाळा, एक मंगल कार्यालय आणि हे डायलिसिस केंद्र ही आमची गिऱ्हाइकं. ऑफिसात माणसं दोनच, मी आणि ती. तिचे वडील यंत्रमागावर कामाला. घरी तेलुगू, ऑफिसात सोलापुरी मराठी, आणि रागावली की दोन्ही. तिची ही पहिलीच नोकरी. मला 'सर' म्हणायची, पण माझा डबा उघडून "एवढंसं तिखट? काकूंनी आजारी माणसाचं केलंय काय?" असं विचारायची.

डायलिसिसला पाणी फार लागतं, आणि आमच्या गावात नळाला पाणी कधी येईल ते महापालिकेलाही नीट सांगता येत नाही. त्या उन्हाळ्यात पाण्याचे दिवस बदलले तशा केंद्राच्या पाळ्याही बदलाव्या लागल्या. सकाळची पाळी दुपारी गेली, दुपारची सकाळी आली. खेड्यातले पेशंट घरच्या कुणाच्या तरी फोनवर साइट उघडून आपली वेळ बघत आणि त्याप्रमाणे एसटी पकडत. मॅडमनी नव्या पाळ्या पाठवल्या. पोरीनं त्या साइटवर चढवल्या, वर 'नवीन वेळापत्रक' असा मथळा दिला, आणि मला बोलावलं. आम्ही दोघांनी ऑफिसच्या संगणकावर प्रत्येक पाळी वाचून पाहिली. बरोबर होती. आमच्याकडची पद्धतच होती, ऑफिसात दोघांनी पाहिलं की काम झालं.

दोन-तीन दिवसांनी मॅडमचा फोन आला. अक्कलकोटकडच्या एक बाई पहिल्या एसटीनं येऊन बसल्या होत्या, आणि त्यांची पाळी होती दुपारची.

"सर, माझ्याकडं बरोबर दिसतंय की!" पोरगी म्हणाली. तिनं ब्राउझरमधली जुनी साठवण टाळून पान पुन्हा उघडलं, मला दाखवलं. खरंच बरोबर होतं.

मी स्कूटर काढून केंद्रावर गेलो. बाई बाकड्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, पायांना सूज. शेजारी त्यांचा भाचा. भाच्यानं मला फोन दाखवला. वर 'नवीन वेळापत्रक', आणि खाली वेळा जुन्या.

"नवं म्हणून लिवलंय की हितं," बाई म्हणाल्या. "मी नव्यालाच आले न्हवं? मग माजी काय चूक हाय?"

"तुमची काही चूक नाही, आजी."

"आजी कुणाला म्हनतोस रं? तुजी डोई माज्यापरीस पांढरी हाय."

भाचा हसला, मीही हसलो, आणि हसता हसता स्वतःच्या फोनवर खासगी खिडकीत साइट उघडली, म्हणजे फोनमधलं जुनं काही मध्ये येऊ नये. तिथंही वेळा जुन्याच. काय झालंय ते मला तिथल्या तिथं कळलं.

साइट सुरू करताना खेड्यातल्या मंद नेटवरही ती झटकन उघडावी म्हणून मी ती सीडीएनमागे ठेवली होती. सीडीएन म्हणजे आपल्या साइटच्या फायलींच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी यंत्रणा. मागणाऱ्याला मूळ सर्व्हरपर्यंत जावं लागत नाही, जवळची प्रत मिळते. ही प्रत किती काळ ताजी मानायची ते आपण सांगायचं. पानाचा मजकूर साठवू नका, असं मी सांगितलं होतं. बाकी फायली मात्र वर्षभर ठेवा, असं. आणि पाळ्यांच्या वेळा पानात नव्हत्या, एका वेगळ्या स्क्रिप्ट फाइलमध्ये होत्या. 'आज तुमची पाळी' असं फोनवर दिसावं ही माझीच हौस. पोरीनं ती फाइल बदलली, पण नाव तेच राहिलं. मग मथळा मूळ सर्व्हरवरून नवा आला, आणि वेळा सीडीएनवरच्या जुन्या प्रतीतून. सगळं पान जुनं दिसलं असतं तर लोकांनी फोन करून विचारलं तरी असतं. अर्धं नवं दिसल्यावर कोण विचारणार?

आणि आम्हाला ऑफिसात हे दिसलं का नाही? तेही माझ्यामुळेच. साइट नव्या सर्व्हरवर हलवताना लोकांच्या आधी आपल्याला काम बघता यावं म्हणून मी आमच्या दोन्ही संगणकांच्या एका फाइलमध्ये एक ओळ लिहिली होती. या साइटसाठी थेट मूळ सर्व्हरचा पत्ता वापर, अशी. काम झाल्यावर ती ओळ काढायची असते. मी काढलीच नाही. आमचे संगणक सीडीएनच्या बाजूनं कधी गेलेच नाहीत. सगळं गाव एक बघत होतं आणि आम्ही दोघं दुसरंच.

हे सगळं माझ्या डोक्यात फिरत असतानाच मॅडम बाहेर आल्या. "त्या मुलीनं वेळा टाकल्याच नाहीत ना?"

मी म्हणालो, "राहिलं असेल, मॅडम. बघतो."

चार शब्द. मी ते ठरवून बोललो नाही, पण बोलल्यावर परतही घेतले नाहीत. ही साइट 'सगळ्यात वेगवान' म्हणून मीच त्यांच्या विश्वस्तांपुढे मिरवली होती.

तिथूनच फोनवरून सीडीएनला ती फाइल टाकून द्यायला सांगितली. थोड्या वेळानं माझ्या खासगी खिडकीत नव्या वेळा आल्या. ऑफिसात परतलो. पोरगी जेवायला गेली होती. दोन्ही संगणकांवरची ती ओळ मी पुसली. तिला सांगितलं, "झालं दुरुस्त." तिनं स्वतःच्या फोनवर पहिल्यांदाच साइट उघडली. बरोबर दिसली. चूक तिनं पाहिलीच नाही.

आणि पुढच्या पाळीला त्या बाई पुन्हा चुकीच्या वेळी आल्या. पाण्याच्या दिवसानुसार या वेळी त्यांची पाळी सकाळची होती, आणि साइट दुरुस्त झाली या भरवशावर भाच्याचा फोन बघून त्या दुपारी आल्या.

सीडीएन रिकामा करणं माझ्या हातात होतं, भाच्याचा फोन नव्हता. वर्षभर ठेव ही सूचना सीडीएननं ऐकली तशी त्याच्या फोननंही ऐकली होती. फोन त्या फाइलसाठी कुणाला विचारतच नव्हता, स्वतःच्या खिशातली दाखवत होता. या वेळी मॅडमनी पोरीलाच बोलावून घेतलं. तिनं त्या फोनवर जुन्या वेळा पाहिल्या. बाईंच्या पायाशी बसून माफी मागितली. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला म्हणे. "रडू नगं गं. संध्याकाळी घेतेत म्हनलेत मला." आणि खरंच, तिथल्या तंत्रज्ञानं शेवटच्या पाळीनंतर थांबून त्यांना यंत्रावर घेतलं.

ऑफिसात आल्यावर मी तिला सांगितलं, "फाइलचं नाव बदल. मजकुरावरून निघणारा आकडा नावात घाल, म्हणजे मजकूर बदलला की नाव आपोआप बदलेल. आधी नवी फाइल चढव, मग पान. जुनी लगेच पुसू नकोस, कुणाच्या फोनवर अर्धवट उघडलेलं पान असेल." ते बरोबर होतं. पान प्रत्येक वेळी ताजंच मागवलं जायचं. त्यात नवं नाव दिसल्यावर भाच्याच्या फोनला ती फाइल मागावीच लागली. नंतर असं पुन्हा कधी झालं नाही.

काम संपल्यावर ती स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "सर, पहिल्यांदा मी खरंच फाइल चढवली होती का? मला तर आठवतंय. आपण दोघांनी वाचलं होतं की."

मी म्हणालो, "जाऊ दे आता."

मॅडमनी आमच्या कामावर ती नको असं कळवलं. काही महिन्यांनी ती सोडून गेली. सोडताना भांडण झालं नाही. फक्त जाण्याआधीच्या दिवसांत ती प्रत्येक काम चढवल्यावर स्क्रीनचा फोटो काढून ठेवायची. स्वतःच्या डोळ्यांवरचा तिचा विश्वास उडाला होता, आणि तो मी उडवला होता.

नव्या साइटसाठी आलेल्या मॅडमच्या त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रावर गेलो. मॅडमना हे सगळं सांगितलं, ती ओळ पुसल्याचंही.

"आणि मी त्या मुलीला पेशंटसमोर बोलले," त्या म्हणाल्या.

"माझ्यामुळे बोललात."

"तुम्ही गप्प राहून बरं केलं नाहीत." मग म्हणाल्या, "तिला सोमवारी पाठवा. नाही, थांबा, मीच फोन करते. नंबर द्या."

नंबर देऊन मी रिक्षानं कुंभारीला गेलो. मॅडमच्या फोनआधी तिला माझ्या तोंडून कळायला हवं होतं. दार तिच्या वडिलांनी उघडलं. "या साहेब, या," म्हणत आत तेलुगूत हाक मारली. ती आली, हाताला कणीक लागलेली. मी उभ्यानंच सांगायला लागलो. तिनं मध्ये एकदाच विचारलं.

"म्हणजे मी चढवली होती?"

"चढवली होतीस. बरोबर चढवली होतीस."

ती खाली बसली. वडिलांनी काहीतरी विचारलं, तिनं त्यांना तेलुगूत थोडक्यात सांगितलं. ते माझ्याकडे पाहत राहिले. त्या नजरेला भिऊनच मी इतकी वर्षं इकडं फिरकलो नव्हतो.

"सर, तुम्हाला माहितीय का, अजून कुणाचं काम चढवलं तर मी शेजारच्या तीन घरांतले फोन मागून बघते. लोक हसतात मला. आई म्हणते, येड लागलंय हिला."

"बघत जा. तसंच बघायचं असतं."

"ते कळतंय मला. पण मी शहाणपणानं नाही बघत, भीतीनं बघते." तिचा आवाज चढला. "एक वाक्य होतं सर. एकच. त्याच दिवशी बोलला असता तर?"

तिनं ओढणीनं डोळे पुसले, कणीक गालाला लागली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं नाव पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उठून उभी राहून फोन घेतला. "हां मॅडम, बोला." मग बराच वेळ ती फक्त ऐकत होती. शेवटी म्हणाली, "घेते मी काम. पण वेळा बदलल्या की तुमच्याकडच्या कुणीतरी स्वतःच्या फोनवर बघून मला होकार द्यायचा. माझ्या एकटीच्या बघण्यावर नको."

फोन ठेवून ती आत गेली. मी चपला घालू लागलो.

"कुठं निघालात?" ती आतून म्हणाली. "चहा टाकलाय. राग गेलेला नाही माझा, पण चहा पिऊन जा."

मी पुन्हा बसलो. तिच्या वडिलांनी पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवलं.