पुसून टाकल्याचा दाखला

"बाय, माझो पाच वर्सांपूर्वीचो छातीचो फोटो जरा काढून दी गो," खाणीच्या ट्रकावरचे ड्रायव्हर माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले. मूळचे सावंतवाडीकडचे, पण सगळा जन्म डिचोलीत गेलेला. आमच्या लहानशा इस्पितळात मी नोंदी सांभाळते, त्यामुळे त्यांची साखरही मला तोंडपाठ होती. आता पणजीकडच्या मोठ्या इस्पितळात त्यांच्या फुप्फुसावर डाग दिसला होता. तिथले डॉक्टर म्हणाले होते, जुना एक्सरे आणा. डाग तेव्हाही एवढाच असेल तर जुना व्रण म्हणून सोडून देऊ, नाहीतर पाठीतून सुई घालून तुकडा काढावा लागेल.

त्यांच्या घरची फिल्म पोरांनी गिराण बघायला कापली होती. आमच्याकडे एक्सरेच्या फिल्मला ग्रहण बघणं हाच खरा उपयोग, उरलेली पावसाळ्यात बुरशी खाते. म्हणूनच प्रत्येक फिल्मचा फोटो आम्ही संगणकात चढवायचो आणि लोकांना सांगायचो, "आमच्याकडे आसा, काळजी करूं नाकात."

मी त्यांचं नाव शोधलं. तारीख सापडली, डॉक्टरांचा शेरा सापडला, 'छातीत विशेष काही नाही' एवढाच. एक्सरेच्या जागी निळी लिंक होती. ती दाबली तर कोरं पान आलं. दुसऱ्या रुग्णाची दाबली, तिसऱ्याची दाबली. सगळी कोरी.

हे माझ्या चोख कामाचं फळ. आमच्या नोंदी एका बाहेरगावच्या कंपनीच्या सर्व्हरवर असायच्या. मध्यंतरी साखरेच्या रुग्णांना औषधं विकणाऱ्यांचे फोन येऊ लागले. नंबर कोणी दिले? कंपनीनेच, दुसरं कोण, असं मी ठरवून टाकलं. पुरावा नव्हता, पण माझा राग पुराव्यासाठी थांबत नाही. मी डॉक्टरांच्या मागे लागून करार संपवायला लावला. पत्र मीच लिहिलं: आमची सगळी माहिती परत द्या, मग तुमच्याकडचं सगळं पुसा, बॅकअपसकट, आणि पुसल्याचं लेखी द्या.

माहिती आली. मी रुग्णांची संख्या मोजली, बरोबर. वीस नावं काढून केसपेपर ताडले, बरोबर. एक्सरेच्या लिंका दाबल्या, एक्सरे झळकले. नवीन सॉफ्टवेअरवाला पणजीहून फोनवर म्हणाला, "बाई, एकदां नेट बंद करून उगडून पळयात." मी फणकारले, "दिसता न्हय सगळें? आनी कितें पळोवपाचें?" नेट बंद करून उघडलं असतं तर तेव्हाच कळलं असतं: त्या लिंका कंपनीच्याच सर्व्हरकडे बोट दाखवत होत्या, तिथे सगळं जिवंत होतं म्हणून दिसत होतं. माहितीसोबत आलेल्या कंपनीच्या पत्राच्या तळाला स्पष्ट लिहिलं होतं: चित्रं तीस दिवसांत वेगळी उतरवून घ्यावीत. नवव्या दिवशी मी 'सर्व माहिती पूर्ण मिळाली, पुसण्यास हरकत नाही' यावर डॉक्टरांची सही घेतली. त्यांनी न वाचता केली, कारण मी वाचलंय असं त्यांना वाटलं.

महिन्याभराने दाखला आला. मूळ माहिती पुसली, बॅकअपही पुसले. मी तो फाईलला लावला आणि सगळ्यांना मिरची भजी खायला घातली. लाज वाटते आता त्या भज्यांची.

ड्रायव्हरना बाकावर बसवून मी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी अगदी गोड बोलली. "मॅडम, तुमच्याच पत्राप्रमाणे केलंय ना. आता काहीच शिल्लक नाही." तिचं काही चुकलं नव्हतं, म्हणूनच तिचा जास्त राग आला.

मी बाहेर येऊन खरं ते सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मगे सुई घालतले?" मी मान डोलावली. "असूं दी. तू काय मुद्दाम केलंस?" म्हणाले आणि बस पकडायला गेले. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सुई घातली. फुप्फुसाबाहेर हवा भरली, बरगड्यांमधून नळी घालून त्यांना आठवडाभर निजवून ठेवावं लागलं. तुकड्याचा अहवाल आला: कधीकाळच्या क्षयाचा व्रण, काही करायची गरज नाही. पाच वर्षांपूर्वी आमच्या डॉक्टरांना त्या डागात विशेष वाटलं नसेल, पण तो एक्सरे समोर धरला असता तर दोन मिनिटांत निकाल लागला असता.

मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या उशीशी फोन वाजला. त्यांनी नंबर बघितला आणि फोन माझ्याकडे दिला. "साखरेच्या औषदाचे आसतले. बाय, तूच सांग त्येंका, माझा नाव पुसून टाका म्हणान."

मी फोन कानाला लावला. पलीकडची बाई त्यांचं नाव, वय, गाव आणि साखर एका दमात सांगत होती. सगळं बरोबर होतं.